सोयाबीनचे पैसे गावच्या पोस्टात ठेवावेत की तालुक्याच्या बँकेत?

रानजाई

नमस्कार मंडळी. आमचं गाव वाशीम जिल्ह्यात. गावात शाखा डाकघर आहे, म्हणजे पोस्टमास्तर काकांच्या घराची पुढची खोली. सकाळी काही तास उघडं असतं. बँक तालुक्याला, १४ किलोमीटरवर. एसटी दिवसातून दोनदा.

आईचं बचत खातं पोस्टात आहे. बाबांचं बँकेत आहे आणि पीक कर्जही त्याच शाखेतून घेतलंय. यंदा सोयाबीनचे १ लाख २० हजार हाती येतील. ते एकदम खर्च होत नाहीत. हरभऱ्याच्या पेरणीची उधारी, धाकट्याची फी, घराचं छप्पर असं करत मार्चपर्यंत जातात. बाबा म्हणतात, पोस्टात ४ टक्के व्याज आहे आणि बँकेत अडीच, तर सगळे आईच्या खात्यात टाकू. भाऊ म्हणतो, पोस्टात काही सोयी नाहीत, पैसे अडकून पडतील. मी पुण्यात असते, त्यामुळे फोनवर दोघांचं ऐकून घेते आणि दोघांचंही पटतं. ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगा.

कोकणकडा

पोस्ट. डोळे झाकून. सरकारचं आहे, बुडत नाही.

विदर्भपुत्र

ताई, पोस्टात २ लाखांच्या वर ठेवताच येत नाही आणि व्याजही आता २ टक्केच झालंय. माझ्या मामांना पोस्टमननेच सांगितलं. तुमच्या बाबांची माहिती जुनी दिसते.

टपालवाटा

विदर्भपुत्र, तुमच्या मामांना पोस्टमनने सांगितलं ते खरं आहे, पण वेगळ्या खात्याबद्दल. मी टपाल खात्यात ३४ वर्षं काढली, त्यातली बरीच शाखा डाकघरांची तपासणी करण्यात गेली. हा घोळ मी रोज बघितलाय.

एकाच खोलीत दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक जुनं पोस्टाचं बचत खातं. त्यावर डिसेंबर २०११ पासून ४ टक्के व्याज आहे, रकमेला वरची मर्यादा नाही, किमान ५०० रुपये शिल्लक लागते. दुसरी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक, जी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. ही रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालची बँक आहे, तिच्यात २ लाखांची मर्यादा आहे आणि व्याज कमी. पोस्टमन अंगठा घेऊन पाच मिनिटांत उघडून देतो ते हे दुसरं खातं. बायाबापड्या दोन्हीला 'पोस्टातलं खातं' म्हणतात. रानजाई, आधी आईकडे कोणतं आहे ते बघा. छापील पासबुक असेल आणि त्यावर शाखेचा तारखेचा शिक्का पडत असेल तर जुनं. नुसतं क्यूआर कोडचं कार्ड दिलं असेल तर पेमेंट्स बँक.

रानजाई

टपालवाटा काका, आत्ता फोन लावला. आईकडे दोन्ही निघालं! पासबुक ट्रंकेत आहे आणि कार्ड देव्हाऱ्यामागे. कार्ड २०२४ मध्ये लाडक्या बहिणीच्या अर्जाच्या वेळी काढलं होतं म्हणे.

मीठभाकर

आम्ही पोस्टात मासिक उत्पन्न योजनेत पैसे ठेवलेत, दर महिन्याला व्याज मिळतं, फार छान आहे. पाच वर्षं ठेवा, काही चिंता नाही.

कोकणकडा

मीठभाकर ताई, त्यांना मार्चपर्यंत पैसे लागणार आहेत, पाच वर्षांसाठी नाही ठेवायचे.

पाटीपेन्सिल

व्याजाचा मुद्दा नीट मांडायला हवा, कारण ४ विरुद्ध अडीच हे दिसतं तसं नाही. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून बसून हिशोब केला.

बँकेत १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजतात. पोस्टात तसं नाही. महिन्याच्या १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वात कमी रक्कम राहिली असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. समजा रानजाईच्या बाबांनी १४ नोव्हेंबरला १,२०,००० भरले, २० डिसेंबरला ३०,००० काढले, १५ जानेवारीला ४०,००० आणि ८ फेब्रुवारीला २०,०००. उरलेले ३०,००० मार्चअखेरपर्यंत राहिले.

पोस्टात नोव्हेंबरचं व्याज शून्य, कारण १० तारखेला खात्यात हे पैसे नव्हते. डिसेंबरमध्ये १९ दिवस १,२०,००० होते, पण धरणार ९०,०००, म्हणजे ३०० रुपये. जानेवारीत ५०,००० वर १६७. फेब्रुवारी आणि मार्च मिळून २००. एकूण ६६७ रुपये.

बँकेत अडीच टक्क्यांनी, रोजच्या शिल्लकेवर, हाच व्यवहार ६४५ रुपये देतो.

फरक २२ रुपयांचा. तालुक्याच्या एसटीचं तिकीटही त्यात निघणार नाही.

रानजाई

सर, हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तारखा आपल्या हातात नसतात का?"

पाटीपेन्सिल

बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. तारखा सांभाळल्या तर पोस्ट खूप पुढे जातं. तेच पैसे ९ नोव्हेंबरला भरले, डिसेंबरचे ३०,००० दोन जानेवारीला काढले आणि जानेवारीचे ४०,००० दोन फेब्रुवारीला काढले, तर व्याज १,३०० रुपये होतं. भरायचं १० तारखेपर्यंत, काढायचं महिना संपल्यावर पहिल्या दहा दिवसांत. पण काटा कधी लागेल, अडत्या कधी पैसे देईल आणि फी कधी भरायची हे घर ठरवत नाही. ज्याचा पगार येतो त्याला हे जमतं.

अडतदुकान

अडत्यांबद्दल बोलताय म्हणून लिहितो, माझंच दुकान आहे. शेतकऱ्याला आम्ही मोठी रक्कम खात्यावरच पाठवतो. पोस्टाच्या खात्यावर पाठवता येत नाही, त्यामुळे बँकेचंच खातं द्यावं लागतं.

टपालवाटा

पाठवता येतं, भाऊ. मे २०२२ पासून पोस्टाच्या बचत खात्याला एनईएफटी आणि आरटीजीएस आहे. सगळ्या डाकघरांना एकच कोड आहे, `IPOS0000DOP`. शाखेनुसार वेगळा नाही, म्हणून पाठवणारे गोंधळतात आणि 'शाखा सापडत नाही' म्हणून सोडून देतात.

अडतदुकान

हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या मुनीमाने दोन वर्षांपूर्वी पेमेंट्स बँकेचा कोड टाकला होता, तो व्यवहार परत आला, तेव्हापासून आम्ही नादच सोडला. या हंगामात करून बघतो. पण एक सांगतो, चेक दिला तर पोस्टाच्या खात्यात वटायला माझ्या अनुभवात बँकेपेक्षा जास्त दिवस लागतात.

गोदाकाठ

काढण्याचं काय ते कुणी बोललंच नाही. आमच्या गावच्या शाखा डाकघरात दिवाळीच्या आधी २५ हजार काढायला गेलो तर 'उद्या या'. दुसऱ्या दिवशी १० मिळाले. खात्यात पैसे असून मिळत नाहीत याला काय अर्थ?

टपालवाटा

तुमचा त्रास खरा आहे आणि त्याचं कारणही सांगतो. शाखा डाकघरात एका खात्यातून दिवसाला जास्तीत जास्त २० हजार देता येतात. पूर्वी ही मर्यादा ५ हजार होती. पण मर्यादा २० हजार असली तरी पोस्टमास्तरांच्या पेटीत तेवढी रोकड असेलच असं नाही. शाखेत किती रोकड ठेवायची ते ठरवून दिलेलं असतं, जास्तीची वरच्या उपडाकघरात जमा करावी लागते. जास्त लागणार असेल तर ते उपडाकघराकडे मागणी लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालाच्या पिशवीतून पैसे येतात.

म्हणून मोठी रक्कम लागणार असेल तर आदल्या दिवशी सकाळीच सांगून ठेवायचं, पिशवी जाण्याआधी. २० हजारांच्या वर हवे असतील तर पासबुक घेऊन थेट उपडाकघरात जायचं, तिथे शाखेची मर्यादा लागत नाही. खातं गावचं असलं तरी चालतं.

गोदाकाठ

म्हणजे शेवटी तालुक्यालाच जायचं. मग बँकेत काय वाईट?

बँकमित्र_सुनंदा

नमस्कार, मी चार गावांसाठी एका बँकेची बँक मित्र म्हणून काम करते. गोदाकाठ दादांचं बरोबर आहे, पण बँकेसाठी प्रत्येक वेळी तालुक्याला जावं लागत नाही. अंगठ्यावर मी घरपोच पैसे देते, एका वेळी १० हजारांपर्यंत.

माझी अडचण अंगठ्याचीच आहे, तेवढी प्रामाणिकपणे सांगते. सोयाबीनच्या सोंगणीनंतर बायकांच्या बोटांची कातडी इतकी घासलेली असते की मशीन घेत नाही. परवा एक आजी आल्या होत्या. उजवा अंगठा नाही, डावा नाही, मग तर्जनी. मी ओल्या फडक्याने बोट पुसलं, थोडं खोबरेल लावलं, कोरडं केलं, पाचव्या वेळी लागलं. आजींच्या मागे सात माणसं उभी होती. पोस्टात पासबुक आणि फॉर्मवर काम होतं, मशीन बोट घेतं की नाही याची वाट बघावी लागत नाही.

आणखी एक. मशीनने 'व्यवहार अयशस्वी' दाखवलं आणि तरी खात्यातून पैसे कापले गेले, असं होतं. पुन्हा अंगठा देण्याआधी शिल्लक तपासायला सांगा आणि अयशस्वीची सुद्धा छापील पावती मागा. कापलेले पैसे पाच दिवसांत परत यायला हवेत, नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. पण पावती नसेल तर भांडायचं कशावर?

कोकणकडा

सुनंदाताई, तुमच्यासारखी बँक मित्र प्रत्येक गावाला मिळो.

काळीमाती

माझा अनुभव बँकेच्या विरोधातला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. बँकेचं नाव लिहीत नाही. दोन वर्षं पीक गेलं, कर्ज थकलं. तिसऱ्या वर्षी अतिवृष्टीची मदत आली ती त्याच शाखेतल्या बचत खात्यात. पैसे काढायला गेलो तर खात्याला 'होल्ड'. साहेब म्हणाले, आधी थकबाकीचं बघा. बियाण्याचे पैसे समोर दिसत होते आणि हात लावता येत नव्हता. तहसीलला अर्ज केला, सात आठ चकरा झाल्या, तेव्हा होल्ड निघाला, तोवर पेरणीची वेळ गेली होती.

ज्या दारात कर्ज आहे त्या दारात आपली पुंजी ठेवू नका. पोस्ट कर्ज देत नाही, म्हणून तिथे होल्डही लागत नाही. बाबांचं कर्ज आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगतोय.

पाटीपेन्सिल

काळीमाती, तुमचं दुःख समजतं, पण रानजाईच्या बाबांसाठी मी याच्या उलट सांगेन. त्यांचं कर्ज चालू आहे, थकलेलं नाही. मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत मिळते. केंद्राची ३ टक्क्यांची सवलत धरली तरी लाखाला ३ हजार होतात, राज्याची वेगळी. मार्चमध्ये भरायचे पैसे कर्जाच्या बँकेतच असले तर तारीख चुकत नाही. पोस्टातून २० हजारांच्या हप्त्यांनी काढून बँकेत नेता नेता ३१ तारीख उलटली, तर ४ टक्क्यांचं व्याज कुठल्या कुठे जाईल.

काळीमाती

सर, पीक येणार हे धरून तुम्ही बोलताय. मी तेच धरलं होतं.

अश्विनी_लातूर

सुरक्षिततेबद्दल विचारायचं होतं. पोस्टालाही ५ लाखांचा विमा आहे ना? आणि आमच्या पतसंस्थेत ९ टक्के देतात, तिथेही असतो का?

टपालवाटा

पोस्टाला विमा नाही आणि त्याची गरजही नाही. तो पैसा थेट केंद्र सरकारकडे जातो, पूर्ण रकमेची हमी सरकारची. बँकेत ठेवीचा विमा माणशी एका बँकेत ५ लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १ लाख होता. जिल्हा बँका आणि नागरी सहकारी बँका यातच येतात. पतसंस्था येत नाहीत. ९ टक्क्यांच्या मागे हा विमा नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण १ लाख २० हजार ठेवणाऱ्या घरासाठी पोस्ट बुडेल की बँक बुडेल हा प्रश्न नसतोच. गावच्या शाखेत धोका वेगळा असतो, आणि माझी निम्मी नोकरी त्यातच गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माणूस विश्वासाने पोस्टमास्तरांच्या हातात पैसे देतो. ते पासबुकात पेनाने रक्कम लिहितात, शिक्का मारतात आणि मशीनवर नोंदच करत नाहीत. पासबुक बरोबर दिसतं, संगणकात पैसे नसतात. हे वर्षानुवर्षं चालू शकतं, कारण गावात कुणी पैसे काढायला आलं की दुसऱ्याच्या पैशांतून दिले जातात. बहुतेक पोस्टमास्तर अत्यंत सचोटीचे असतात. तुटपुंज्या मोबदल्यात उन्हापावसात गावाची सेवा करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ज्या प्रकरणांत मी चौकशीला गेलो तिथे तीन खुणा जवळजवळ प्रत्येक वेळी होत्या. पासबुक 'व्याज चढवायचंय' म्हणून महिनोन्महिने पोस्टातच ठेवलेलं. मशीनची पावती कधीच न दिलेली, 'कागद संपलाय' हे कारण. आणि खात्याला लावलेला मोबाईल नंबर खातेदाराचा नसून दुसऱ्याच कुणाचा.

उपाय साधा आहे. भरताना पासबुकातली नोंद आणि मशीनची पावती दोन्ही घ्यायची. पासबुक ठेवून घेतलं तर त्याची पोच मागायची. मोबाईल नंबर आपला लावायचा. आणि वर्षातून दोनदा, तालुक्याला बाजाराला गेलो की उपडाकघराच्या खिडकीवर पासबुक देऊन संगणकातली शिल्लक विचारायची. पासबुकातला शेवटचा आकडा आणि तो जुळला पाहिजे.

गोदाकाठ

आणि असं झालंच तर पैसे परत मिळतात का?

टपालवाटा

शिक्का आणि सही असलेली नोंद असेल तर दावा करता येतो, चौकशी होते. वेळ लागतो. कर्मचाऱ्याने कामावर असताना केलेल्या गैरव्यवहाराची जबाबदारी टपाल खात्यावर येते असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे. पण चौकशीच्या काळात तुमची पेरणी थांबत नाही, म्हणून आधीच तपासलेलं बरं.

विदर्भपुत्र

काका, मामांचं पासबुक पोस्टातच असतं. कायम. आज संध्याकाळी जातो.

बँकमित्र_सुनंदा

रानजाई, तुमच्या आईकडे दोन खाती निघाली, म्हणून एक विचारते. लाडक्या बहिणीचे १,५०० नक्की कुठे येतात हे त्यांना माहीत आहे का? हा पैसा आधारला शेवटी जी बँक जोडली तिच्यात जातो, अर्जात कोणता नंबर लिहिला होता ते बघत नाहीत. माझ्याकडे एक ताई रडत आल्या, चार महिने पैसे बंद म्हणून. बंद नव्हते. मधे बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खातं काढलं, तिथे आधार जोडणीच्या फॉर्मवर सही घेतली, आणि पैसे तिकडे साठत होते. आधारच्या संकेतस्थळावर `Bank Seeding Status` मध्ये बँकेचं नाव दिसतं. ओटीपी येतो, म्हणून आधारचा मोबाईल जवळ हवा.

मीठभाकर

अगोबाई, माझ्या सुनेचंही असंच झालं असणार. तीन महिने नुसतं कार्यालयात खेटे घालतोय. सुनंदाताई, खूप उपकार झाले.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी गावी जाऊन आले, म्हणून उशिरा लिहिते.

आईचं बघितलं, १,५०० पेमेंट्स बँकेतच येत होते. बऱ्यापैकी साठले होते आणि तिला वाटत होतं की ते पासबुकात चढतात. पासबुकात अर्थातच दिसत नव्हते, म्हणून ती मनातल्या मनात पोस्टमास्तर काकांवर संशय घेत होती. इतक्या दिवसांत एकदाही बोलली नाही. मी ते तालुक्याच्या उपडाकघरात नेऊन दाखवलं, संगणकातली शिल्लक पासबुकाशी रुपयापर्यंत जुळली. परत येताना आईने काकांच्या घरी पाव किलो पेढे दिले. कारण सांगितलं नाही.

मोबाईल नंबर मात्र तिच्या पासबुकाच्या खात्याला माझ्या मोठ्या भावाचा जुना, बंद पडलेला होता. तो बदलायचा फॉर्म भरून दिला.

पैशांचं असं ठरतंय: मार्चमध्ये कर्जाला लागतील तेवढे ५० हजार बाबांच्या बँकेत. बाकी ७० आईच्या पासबुकात, आणि लागतील तसे २० हजारांच्या आत काढायचे, आदल्या दिवशी सांगून. काळीमाती दादांचं वाचल्यावर बाबा ५० सुद्धा बँकेत ठेवायला कचरत आहेत. म्हणतात, फेब्रुवारीअखेर टाकू. यावर भावाचं आणि त्यांचं अजून चालू आहे.

काळीमाती

बाबांना म्हणावं, फेब्रुवारीअखेरच टाका.

पाटीपेन्सिल

आणि मी म्हणेन, ते पोस्टातून काढायचे असतील तर २८ फेब्रुवारीला नाही, १ मार्चनंतर काढा. फेब्रुवारीचं व्याज मिळेल. ५० हजार आहेत, तेव्हा गावात तीन दिवस जातील, नाहीतर तालुक्याच्या उपडाकघरातून एकदम काढून तसेच बँकेत भरा. दोन्ही एकाच रस्त्यावर असतील ना?

रानजाई

समोरासमोर आहेत, सर. मधे फक्त चहाची टपरी.